पाना मागच्या चाकाकडे

रत्नागिरीला बहिणीच्या घरी पडवीत एक गिअरची सायकल चार पावसाळे उभी होती. भाच्याला ती पुण्याला न्यायची होती, आणि खोक्यात बसवायची तर पायडल काढावे लागतात. उजवं निघालं. डावं मात्र हलेना. मी पोहोचलो तेव्हा तो अर्धा तास त्याच्याशी झटत होता, आणि नेहमीच्या सवयीने घड्याळाच्या उलट ओढत होता. म्हणजे अर्धा तास तो ते पायडल घट्टच करत होता.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बाहेरून पायडलकडे तोंड करून पाहिलं तर उजवं पायडल घड्याळाच्या उलट फिरवल्यावर सैल होतं आणि डावं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पण हे पाठ करण्यात एक अडचण आहे. काही पायडलांना पाना लावायला जागाच नसते, क्रँकच्या आतल्या बाजूने ॲलन की घालावी लागते आणि तिथून पाहताना दिशा उलटी दिसते. म्हणून मी घड्याळ सोडून देतो आणि चाक लक्षात ठेवतो. पाना किंवा की उभी, वर टोक करून लावायची आणि ते टोक मागच्या चाकाकडे ओढायचं. उजवं असो, डावं असो, आतून असो, बाहेरून असो, पायडल सैलच होणार. बसवताना टोक पुढच्या चाकाकडे.

आटे उलटे का, हे पेन्सिलीने कळतं. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि दुसऱ्या हाताने तिचं टोक गोल गोल फिरवा. मुठीत पेन्सिल उलट्या दिशेने सरकत जाते. पायडल मारताना पायाचा दाब आट्यांच्या कडेकडेने असाच गोल फिरतो आणि दांडी हळूहळू उलट सरकते. दोन्हीकडे सरळ आटे असते तर डावं पायडल चालता चालता सुटून पडलं असतं. उलट्या आट्यांमुळे ते मारता मारता आवळत जातं. म्हणूनच न गंजलेलं पायडलसुद्धा काढताना जोर लावावा लागतो.

इथे मात्र गंजही होता. क्रँक ॲल्युमिनियमची, पायडलची दांडी पोलादाची आणि बसवताना ग्रीस लावलेलं नव्हतं. दोन वेगळे धातू चिकटून आणि मध्ये खाऱ्या हवेचा ओलावा, अशा ठिकाणी ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते.

गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा आम्ही क्रँकच्या मागच्या बाजूने, जिथे दांडीचं टोक दिसतं तिथे मारला. तेल आट्यांत तिथूनच उतरतं. सायकल आडवी करून ते रात्रभर मुरू दिलं. सकाळी तेल पुसून क्रँकच्या त्या टोकावर किटलीभर उकळतं पाणी ओतलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक किंचित सैल होतं. ज्योत लावू नये. तेल पेट घेतं आणि बेअरिंगमधलं ग्रीस जळतं. क्रँक कार्बनची असेल तर उकळतं पाणीही नको.

पाना १५ चा, चपट्या जबड्याचा. साधा पाना बहुधा जाड असतो, खाचेत पुरता बसत नाही आणि कडा गोल करून टाकतो. क्रँक पुढे आडवी केली, पाना तिच्या थोडा वर, मागे तोंड करून लावला. मग पाना खाली दाबायचा आणि क्रँक वर उचलायची, जणू दोन्ही मुठीत आवळतोय. तेवढ्याने भागेना म्हणून पान्यावर पाइप चढवला. पण पाइपचं टोक मधल्या धुऱ्याच्या मागे गेलं की दाब देताच क्रँक उलटी गरागरा फिरते. त्यावर इलाज सोपा: भाच्याला मी त्याच पायडलवर पाय दाबून उभं केलं. पायडल बेअरिंगवर फिरतं, त्यामुळे त्याच्या वजनाने आटे आवळत नाहीत, फक्त क्रँक जागेवर राहते. आपली बोटं दातेरी चक्राच्या आड येणार नाहीत एवढं बघायचं, साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर असलेली बरी.

तिसऱ्या दाबाला ‘टक्’ असा आवाज आला. तो आवाज हवा असतो. पाना आवाज न करता मऊ सरकला तर पायडल सुटत नसून कडा झिजताहेत, तिथेच थांबावं. मग पायडलचं अंग खोलून बाजूला काढायचं, उघडी दांडी भक्कम वाइसमध्ये धरायची आणि क्रँकलाच पाना समजून फिरवायची. क्रँकचे आटे उखडले तर वर्कशॉपमध्ये भोक मोठं करून नवं बुश बसवून घेता येतं.

सुटल्यावरही मी ते एका दमात काढलं नाही. पाव फेरा सैल, थोडं मागे, पुन्हा तेल, असं करत आणलं, नाहीतर ती भुकटीच मऊ आटे खरवडते. आटे ब्रशने साफ केले, ग्रीस भरलं आणि भाच्याने पुण्याला पोहोचून पायडल आधी नुसत्या बोटांनी चार फेरे आत नेलं, मगच पाना लावला.