दहा हजारांचे दोन रस्ते

व्याजावर मिळणारे व्याज म्हणजे चक्रवाढ व्याज. मुद्दलावर पहिल्या वर्षी जे व्याज जमते, ते काढून न घेता खात्यातच राहिले की दुसऱ्या वर्षी मुद्दलात धरले जाते आणि त्यालाही व्याज लागते. ही कल्पना फार जुनी आहे. मनुस्मृतीत व्याजाचे प्रकार सांगताना ‘चक्रवृद्धि’ हा शब्द येतो, आणि तोही नापसंतीच्या यादीत. आठवीच्या गणितात मात्र ती सूत्र म्हणून येते आणि परीक्षा झाली की विसरली जाते. पैसे खरोखर कुठे ठेवले तर ती लागू होते आणि कुठे होत नाही, हे दोन मित्रांच्या गोष्टीतून नीट दिसते.

समजा, मानसी आणि ओंकार एकाच वर्गातले. जून २०२३ मध्ये दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि काका-मामा-आत्यांनी दिलेली पाकिटे फोडल्यावर दोघांकडेही १०,००० रुपये निघाले. दहा वर्षांवरील मुलांना पोस्टात स्वतःच्या नावाने खाते काढता येते, म्हणून दोघे एकाच दिवशी पोस्टात गेले. मानसीने राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे एनएससी म्हणतात, ते घेतले. ओंकारने पाच वर्षांची मुदत ठेव केली. मुदत दोघांचीही पाच वर्षे. एनएससीचा दर त्या वेळी ७.७ टक्के होता आणि मुदत ठेवीचा ७.५. पण मुदत ठेवीचे व्याज दर तिमाहीला मोजतात, त्यामुळे १०,००० रुपयांवर वर्षाला ७७१ रुपये पडतात. एनएससीचे पहिल्या वर्षाचे व्याज ७७० रुपये. म्हणजे ओंकार एका रुपयाने पुढेच होता.

फरक दरात नव्हता, व्याजाचे पुढे काय होते यात होता. मुदत ठेवीचे व्याज दर वर्षी खातेदाराच्या हाती येते. एनएससीचे व्याज पाच वर्षे हाती येतच नाही. ते मुद्दलात मिसळते आणि सगळी रक्कम शेवटी एकदम मिळते. ओंकारला ते खटकले. “पाच वर्षं एक रुपयाही नाही? मग पैसे ठेवून उपयोग काय?” असे त्याने तिथेच विचारले. पहिले वर्ष संपले तेव्हा त्याने ७७१ रुपये काढून क्रिकेटचे बूट घेण्यात घातले. मानसीकडे दाखवायला काहीच नव्हते.

कागदावर मात्र तिचे १०,७७० झाले होते. दुसऱ्या वर्षी व्याज या १०,७७० वर लागते, ते ८२९ रुपये होते आणि रक्कम ११,५९९ वर जाते. तिसऱ्या वर्षी ८९३, चौथ्या वर्षी ९६२, पाचव्या वर्षी १,०३६. ठेवलेली रक्कम तीच आणि दरही तोच, तरी व्याज दर वर्षी थोडे वाढते. पाच वर्षांअखेर तिच्या हाती १४,४९० रुपये येणार. ओंकारचे व्याज दर वर्षी ७७१ च राहते. पाच वर्षांचे ३,८५५, मुद्दल धरून १३,८५५. दोघांमध्ये फरक ६३५ रुपयांचा.

मानसीच्या ४,४९० रुपये व्याजाची फोड केली तर चक्रवाढ नेमकी कुठे आहे ते सापडते. नुसत्या १०,००० वर पाच वर्षांचे व्याज ३,८५० होते. उरलेले ६४० रुपये मुद्दलाने कमावलेले नाहीत. ते व्याजाने कमावले. शाळेतले सूत्र हेच एका ओळीत सांगते: १०,००० ला १.०७७ ने पाच वेळा गुणायचे. सरळ व्याजात दर वर्षी एक ठरावीक रक्कम मिळवायची असते, चक्रवाढीत दर वर्षी गुणायचे असते.

ओंकारच्या बाबतीत मधे एक गंमत झाली, आणि ती पुष्कळ मोठ्या माणसांच्या बाबतीतही होते. मानसीचा हिशेब ऐकून त्याने ठरवले, आपणही व्याज काढायचे नाही, पडू द्यायचे. दुसऱ्या वर्षाचे ७७१ त्याने तसेच सोडले. तिसऱ्या वर्षी पुस्तक भरून घेताना त्याची अपेक्षा अशी की पडून राहिलेल्या ७७१ वर साठेक रुपये तरी वाढलेले असतील. दोन वर्षांचे मिळून १,५४२ रुपयेच निघाले. “ताई, माझं व्याज कमी कसं लागलं?” त्याने खिडकीवर विचारले. “कमी नाही रे लागलं. देय झालेलं व्याज तू नेलं नाहीस, तर त्याच्यावर व्याज मिळत नाही. मुदत ठेवीचा नियमच आहे तो.”

नियम खरोखरच तसा आहे. पैसे नुसते पडून राहिले म्हणून चक्रवाढ होत नाही. ते व्याज मुद्दलात धरले जाण्याची सोय त्या योजनेत असावी लागते. बँकांमध्येही मुदत ठेव दोन प्रकारची असते: एकात व्याज ठरावीक काळाने बचत खात्यात येते, दुसऱ्यात ते ठेवीतच वाढत जाते. अर्जावर कोणता पर्याय निवडला आहे हे पाहिल्याशिवाय नुसत्या दराचा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

ओंकारला निम्मी वाट तरी गाठता आली असती. मुदत ठेवीचे व्याज त्याच पोस्टातल्या बचत खात्यात आपोआप जमा करून घेता येते. तिथे चार टक्के मिळतात. पहिल्यापासून तसे केले असते आणि मधे काही काढले नसते, तर पाच वर्षांअखेर त्याचे सुमारे १४,१७५ झाले असते. मानसीशी फरक निम्म्यावर आला असता. बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतात, म्हणून तिथे पैसे भरायचे तर दहा तारखेच्या आत भरावेत.

ओंकारने मूर्खपणा केला असे मात्र म्हणता येणार नाही. त्याला बूट मिळाले, आणि अडचण आली असती तर सहा महिन्यांनंतर व्याजात थोडी खोट सोसून ठेव मोडताही आली असती. एनएससी पाच वर्षांच्या आत सहसा मोडता येत नाही. खातेदाराचा मृत्यू, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. पैसे मधेच लागण्याची शक्यता असेल, तर मानसीचा रस्ता चुकीचा ठरू शकतो.

आणि फरक तरी केवढा? पाच वर्षांत ६३५ रुपये. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला, असे कुणालाही वाटेल, आणि पाच वर्षांपुरते ते बरोबरही आहे. चक्रवाढ सुरुवातीला इतकी मंद असते की बहुतेक लोक तिथेच कंटाळतात. समजा, मानसीने दर पाच वर्षांनी मिळालेली सगळी रक्कम पुन्हा तशाच प्रमाणपत्रात घातली आणि दर ७.७ च राहिला. पंधरा वर्षांनी तिचे ३०,४२५ होतात. त्यात व्याजावरचे व्याज ८,८७५. तीस वर्षांनी, म्हणजे ती सेहेचाळीस वर्षांची होईल तेव्हा, रक्कम ९२,५७० वर जाते आणि त्यातले ५९,४७० रुपये निव्वळ व्याजावरचे व्याज असते. पहिल्या वर्षी ७७० रुपये देणारे तेच पैसे तिसाव्या वर्षी एका वर्षात सहा हजार सहाशेहून जास्त देतात. दर वर्षी व्याज काढून खर्च करणाऱ्या ओंकारचे तेवढ्याच काळात मुद्दल आणि सगळे व्याज मिळून ३३,१३० होतात. पाच वर्षांत ६३५ चा असलेला फरक तीस वर्षांत जवळजवळ साठ हजारांवर गेलेला असतो.

पैसे किती वर्षांत दुप्पट होतील हे तोंडी काढायची एक युक्ती आहे: ७२ ला व्याजदराने भागायचे. इटालियन गणिती लुका पाचोली याच्या १४९४ सालच्या ग्रंथात ती आढळते. साडेसात टक्क्यांना ती ९.६ वर्षे सांगते. पोस्टाच्या किसान विकास पत्राचा दर २०२३ च्या एप्रिलमध्ये ७.५ टक्के झाला तेव्हा पैसे दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली, म्हणजे ९ वर्षे ७ महिने. पाचशे वर्षांपूर्वीच्या युक्तीत आणि सरकारी मुदतीत फरक जेमतेम सहा दिवसांचा आहे.

या मोठ्या आकड्यांना दोन कात्र्या लागतात. अल्पबचतीचे दर सरकार दर तिमाहीला ठरवते. एकदा घेतलेल्या प्रमाणपत्राचा दर मुदतभर बदलत नाही, पण पुढचे प्रमाणपत्र त्या वेळच्या दराने मिळते. तीस वर्षे ७.७ टक्के ही केवळ हिशेबाची सोय आहे. दुसरी कात्री महागाईची, आणि तीही चक्रवाढीनेच चालते. किमती दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढल्या तर तीस वर्षांनी आजच्या १०० रुपयांच्या वस्तूला ४३२ रुपये पडतील. त्या हिशेबाने मानसीच्या ९२,५७० रुपयांची खरेदीची ताकद आजच्या साधारण २१,४०० रुपयांएवढी. पैसे नऊपट झाले, त्यांची किंमत दुपटीच्या थोडी वर गेली.

कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने हेच चक्र उलटे फिरते, आणि दर मोठा असल्याने फार लवकर. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के आकारले जात असतील, तर १०,००० रुपयांचे वर्षात १५,१११ होतात. दंड आणि कर वेगळेच. असे कर्ज माणसाला गिळते हे जुन्या काळीही माहीत होते. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो मानत: सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे.

मानसीच्या रस्त्यात एक जागा निसटण्याची आहे. एनएससीची मुदत संपली की ते आपोआप पुढे चालू होत नाही. पैसे काढून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि तेही शंभराच्या पटीत, म्हणजे १४,४९० मधले नव्वद रुपये बाहेरच राहतात. ती मुदत जून २०२८ मध्ये संपते.