नाबाद धावांचा हिशेब

स्थानिक लीगच्या स्कोअरबुकाचं एक पान नीट वाचलं, तर त्यात एकाच सामन्याचा हिशेब तीनदा मांडलेला दिसतो. वर फलंदाजांची नावं, प्रत्येकाच्या पुढे एकेक करून टिपलेल्या धावा, मग कसा बाद झाला आणि शेवटी एकूण. खाली गोलंदाजांचं पृथक्करण: षटकं, निर्धाव षटकं, दिलेल्या धावा, बळी. आणि मध्ये कुठेतरी एक ते तीनशेपर्यंतचे छापील आकडे, जे स्कोअरर धाव निघेल तसे खोडत जातो. या तिन्ही वाटांनी एकाच धावसंख्येवर पोचलं पाहिजे. जुनी वही स्प्रेडशीटमध्ये उतरवताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण वाचण्यात झालेली चूक तिथेच पकडली जाते.

पण बहुतेक लोक सुरुवातच चुकीची करतात. ते वहीच्या पानाचं चित्र जसंच्या तसं पडद्यावर काढतात. प्रत्येक सामन्याला वेगळी शीट, वर संघाचं नाव मोठ्या अक्षरात, जोडलेल्या चौकटी, मध्ये रिकाम्या ओळी. दिसायला ते छान असतं, पण त्यातून एका खेळाडूच्या हंगामभराच्या धावा काढायला सांगितल्या की हाताने बेरीज करावी लागते. स्प्रेडशीटला पान नको असतं, यादी हवी असते. एका फलंदाजाचा एका सामन्यातला एक डाव म्हणजे एक ओळ. सगळे सामने, सगळे संघ, एकाच शीटवर, एकाखाली एक. त्या शीटला आपण `Bat` म्हणू. तिचे रकाने असे: A सामना क्रमांक, B तारीख, C संघ, D खेळाडू, E धावा, F कसा बाद. आणखी दोन रकाने पुढे येतील.

आता सगळ्यात घातक चिन्हाकडे वळू, म्हणजे नाबादच्या ताऱ्याकडे. वहीत ४५ च्या डोक्यावर एक तारा काढलेला असतो आणि उतरवणारा साहजिकच `45*` असं टाइप करतो. त्या क्षणी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. बेरजेचं सूत्र मजकूर गुपचूप वगळतं आणि चूक झाल्याची कसलीही खूण पडद्यावर दिसत नाही. ओळखायची सोपी रीत अशी की, आपण काही बदललं नसेल तर आकडे चौकटीत उजवीकडे टेकतात आणि मजकूर डावीकडे. धावांच्या रकान्यात एखादी नोंद डावीकडे सरकलेली दिसली, की तिथे तारा, रेघ नाहीतर एखादं अक्षर आहे असं समजावं.

याने किती फरक पडतो, हे एका फलंदाजाच्या हंगामावरून पाहू. सात सामने. धावा अशा: ३४, नाबाद १२, फलंदाजी मिळाली नाही, ०, नाबाद ४५, ७, ५२. एकूण १५० धावा, डाव सहा, त्यातल्या चार डावांत बाद. क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे धावा भागिले किती वेळा बाद झाला, म्हणून त्याची सरासरी ३७.५०. तुम्ही डावांनी भागलंत तर ती २५ होते. फलंदाजी न मिळालेल्या सामन्यात शून्य टाकून साधं AVERAGE लावलंत, तर सातने भागाकार होऊन २१.४३ येतं. आणि ती चौकट रिकामी ठेवली पण तारे टाइप केले असतील, तर तेच AVERAGE दोन्ही नाबाद खेळ्या सोडून ९३ धावांना चारने भागतं आणि २३.२५ दाखवतं. वही एकच, खेळाडू एकच, उत्तरं चार, आणि चारही विश्वास बसावा अशी. निवड समितीसमोर यातला कुठला आकडा जातो, यावर एखाद्या पोराचा पुढचा हंगाम ठरू शकतो.

बाद होण्याच्या संख्येने भागायची ही पद्धत ब्रॅडमनच्या आकड्यातही आहे. कसोटीत त्याच्या ८० डावांत ६९९६ धावा झाल्या, दहा वेळा तो नाबाद राहिला. ६९९६ भागिले ७० म्हणजे ९९.९४. ऐंशीने भागलं असतं तर ८७.४५ झाले असते, आणि तो जगप्रसिद्ध आकडा जन्मालाच आला नसता.

म्हणून धावा आणि नाबाद या दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत. E मध्ये निव्वळ आकडा, F मध्ये ठरलेल्या शब्दांपैकी एक: त्रिफळा, झेल, पायचीत, धावबाद, यष्टिचीत, नाबाद, दुखापत, निवृत्त, खेळला नाही. हे शब्द प्रत्येक वेळी टाइप न करता ड्रॉपडाउनमधून निवडायची सोय करावी, नाहीतर कुठे ‘नाबाद’, कुठे ‘ना.बा.’ असं होतं आणि सूत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रकार ठरतात. खेळला नाही असेल तिथे E रिकामा ठेवायचा, शून्य नाही.

दुखापत आणि निवृत्त वेगळे का ठेवले, तेही सांगायला हवं. नियमाप्रमाणे आजारपण, दुखापत किंवा टाळता न येणाऱ्या कारणाने मैदान सोडून परत न आलेला फलंदाज नाबाद धरला जातो. पण पन्नास झाले म्हणून दुसऱ्याला संधी द्यायला कोणी आपणहून बाहेर गेला आणि परत आला नाही, तर तो निवृत्त बाद. वहीत दोन्हीकडे बहुधा एकच लिहिलेलं असतं, ‘रिटायर्ड’. तेव्हा त्या सामन्यात खेळलेल्या कुणाला तरी विचारणं हाच मार्ग. विचारूनही कळलं नाही, तर लीगने एक नियम ठरवावा, सगळ्यांना तोच लावावा आणि शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात तसं लिहावं.

आता उरलेले दोन रकाने. G मध्ये डाव झाला का आणि H मध्ये बाद झाला का, हे सूत्रानेच एक किंवा शून्य म्हणून येऊ द्या:

```
G2: =IF(OR(F2="",F2="खेळला नाही"),0,1)
H2: =IF(OR(G2=0,F2="नाबाद",F2="दुखापत"),0,1)
```

दुसऱ्या शीटवर A रकान्यात खेळाडूंची नावं. त्यापुढे डाव, बाद, धावा आणि सरासरी:

```
B2: =SUMIFS(Bat!G:G,Bat!D:D,A2)
C2: =SUMIFS(Bat!H:H,Bat!D:D,A2)
D2: =SUMIFS(Bat!E:E,Bat!D:D,A2)
E2: =IF(C2=0,"-",D2/C2)
```

शेवटच्या सूत्रातली IF महत्त्वाची. हंगामभर एकदाही बाद न झालेल्या खेळाडूची सरासरी काढताच येत नाही, शून्याने भागता येत नाही. तिथे रेघ दाखवणं हेच प्रामाणिक उत्तर. दोन हंगाम एकत्र करताना दोन सरासरींची सरासरी काढू नये, दोन्ही हंगामांच्या ओळी एकाच यादीत टाकल्या की हेच सूत्र बरोबर उत्तर देतं.

दोन दशांशांपर्यंत आकडा कसा आणायचा, हेही आधी ठरवावं. विजय मर्चंट यांच्या प्रथम श्रेणीतल्या धावा १३,४७०, डाव २३४, नाबाद ४६. भागाकार येतो ७१.६४८९, आणि नेहमीच्या गोळाबेरजेने तो ७१.६५ व्हायला हवा. पण नोंदवह्यांत त्यांची सरासरी ७१.६४ छापलेली दिसते, कारण तिथे पुढचे आकडे नुसते कापले जातात. दोन खेळाडूंत शंभराव्या भागाचा फरक असेल तर याने क्रमांक बदलू शकतो. कापायचं असेल तर `ROUNDDOWN` वापरावं.

नावांचं दुखणं धावांपेक्षा मोठं. एकच माणूस एका पानावर पूर्ण नावाने, दुसऱ्यावर नुसत्या आडनावाने आणि तिसऱ्यावर टोपणनावाने असतो. उलट, एस. पाटील नावाचे दोघे एकाच लीगमध्ये दोन संघांकडून खेळत असतात. प्रत्येकाचं एक ठरलेलं नाव असलेली यादी आधी करावी आणि D रकान्यातही ड्रॉपडाउन ठेवावा. नावामागे चुकून पडलेली एक मोकळी जागासुद्धा SUMIFS ला दुसरा माणूस वाटते. पडताळा सोपा आहे: दुसऱ्या शीटवरच्या सगळ्या धावांची बेरीज `Bat` मधल्या E रकान्याच्या बेरजेइतकी आलीच पाहिजे. कमी आली, तर कोणाच्या तरी धावा निसटल्या आहेत.

आणि आता वहीतले ते तीन हिशेब. `Match` नावाच्या शीटवर सामना, संघ, एकूण धावसंख्या आणि अवांतर धावा भरून पुढे हे सूत्र टाकावं:

```
E2: =C2-D2-SUMIFS(Bat!E:E,Bat!A:A,A2,Bat!C:C,B2)
```

उत्तर शून्य यायला हवं. समजा वहीत एकूण १५२ आहे, अवांतर १५, आणि तुम्ही उतरवलेल्या फलंदाजांच्या धावा १२९. सूत्र दाखवतं ८. देवनागरी आकड्यांत लिहिलेल्या वहीत आठचा फरक पडला, की मी आधी १ आणि ९ शोधतो, कारण घाईत लिहिलेल्या ९ ची गाठ शाईत बुजली की तो १ दिसतो. आठव्या क्रमांकाच्या फलंदाजापुढे १ वाचला होता, पण त्याच्या ओळीत टिपलेल्या धावा १, ४, २, १, १ आहेत. बेरीज नऊ. दुरुस्ती झाली. फरक कायम राहिला आणि टिपलेल्या धावांतूनही उलगडला नाही, तर चूक त्या दिवशीच्या स्कोअररची असू शकते. अशा वेळी वहीतलं एकूण तसंच ठेवावं, फरक शेऱ्यात लिहावा. सामन्याचा निकाल त्या आकड्यावर लागलेला असतो, तो बदलायचा अधिकार उतरवणाऱ्याला नाही.

गोलंदाजीची यादी याच धर्तीवर, फक्त षटकांपाशी जपायचं. ७.४ म्हणजे सात षटकं चार चेंडू. एका सामन्यात ७.४ आणि दुसऱ्यात २.३ टाकली, तर स्प्रेडशीट ९.७ सांगेल, पण खरे चेंडू ४६ आणि १५, म्हणजे ६१, अर्थात दहा षटकं आणि एक चेंडू. षटकं आणि वरचे चेंडू दोन रकान्यांत भरावेत आणि तिसऱ्यात षटकांना सहाने गुणून चेंडू मिळवावेत. सरासरी म्हणजे दिलेल्या धावा भागिले बळी. धावबाद गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापूर्वीची वही असेल तर वाइड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लावलेल्या नसण्याची शक्यता मोठी. गोलंदाजांच्या धावांत फक्त बाय आणि लेगबाय मिळवून एकूण जुळतं का ते पाहावं. वाइड आणि नोबॉल मिळवल्यावरच जुळत असेल, तर ती जुनी पद्धत आहे, आणि तो हंगाम नव्या हंगामांच्या गोलंदाजी सरासरीत मिसळू नये.

मिसळण्याचा धोका फलंदाजीतही आहे. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर काढलेल्या तिथल्या धावा आणि कोरड्या हंगामातल्या धावा एका मापाने मोजता येत नाहीत. गावच्या लीगमध्येही सीझन बॉलचे सामने आणि सहा षटकांचे टेनिस बॉलचे सामने एकाच वहीत लागोपाठ लिहिलेले सापडतात. प्रकाराचा एक रकाना वाढवला की SUMIFS मध्ये आणखी एक अट घालून दोन्ही वेगळे काढता येतात. यादी सरासरीप्रमाणे लावण्याआधी किमान अट ठरवावी, उदाहरणार्थ किमान पाच वेळा बाद. नाहीतर एकदाच बाद झालेला, तीन वेळा शेवटी येऊन नाबाद राहिलेला अकरावा खेळाडू ४१ च्या सरासरीने सगळ्यांच्या वर जाऊन बसतो, आणि हंगामभर सलामीला उभा राहिलेला त्याच्या खाली.