कार्ड बंद केलं, तरी हप्ता का कापला गेला?

ओटीटीचे महिना ४९९ रुपये कार्डावरून जातात आणि एसआयपीचे २,००० थेट बचत खात्यातून. दोन्ही आपोआप कापले जातात, पण वाटा वेगळ्या आहेत.

कार्डावरची स्थायी सूचना त्या कार्डाशी बांधलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं. त्या संदेशातल्या लिंकवरून किंवा बँकेच्या ॲपमधल्या कार्डाच्या विभागातून ती रद्द करता येते. ओटीटीचं सदस्यत्वही त्यांच्याच ॲपमध्ये जाऊन बंद करा. नुसतं ॲप मोबाइलमधून काढून काहीच थांबत नाही.

एसआयपीचा ई-मँडेट बहुधा ‘नॅच’ यंत्रणेतून खात्यावर नोंदलेला असतो. खरा गोंधळ इथेच होतो. नोंदणीच्या वेळी ओळख पटवायला डेबिट कार्ड वापरलेलं असतं, म्हणून लोक कार्ड ब्लॉक करतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे जातात. पासबुकात नोंदीपुढे ACH किंवा NACH दिसलं, तर कार्डाचा संबंध नाही हे ओळखा. आधी फंड कंपनीकडे एसआयपी रद्द करा, मग नेटबँकिंगमधून किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन मँडेट. अर्जात UMRN हा मँडेटचा क्रमांक लिहा. हे सगळं हप्त्याच्या तारखेआधी काही दिवस उरका. खातं रिकामं ठेवून हप्ता चुकवू नका, बँक दंड लावते.

कर्जाचा मँडेट रद्द केला तरी कर्ज मात्र फेडावंच लागतं.