अकरा रुपये पासष्ट पैसे

एप्रिल उजाडला की घाऊक व्यापाऱ्यांकडून खातेउतारे यायला लागतात. ३१ मार्चला तुमच्याकडे आमची एवढी बाकी निघते, जुळत असेल तर सही-शिक्का करून परत पाठवा, एवढाच त्याचा मजकूर. तालुक्याच्या गावातल्या ज्या हार्डवेअरच्या दुकानाचा हिशेब मी लिहिते, तिथे यंदा असाच एक उतारा आला. पाइप, एल्बो, नळ पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या मते दुकानाचं देणं ८४,३२६ रुपये होतं. आमच्या खातेवहीत ते ८४,३१४ रुपये ३५ पैसे निघत होतं. फरक ११ रुपये ६५ पैशांचा.

दुकानाचे मालक, त्यांना मी काका म्हणते, उतारा बघून म्हणाले, "अकरा रुपयांसाठी दिवस नको घालवूस. राऊंड ऑफमध्ये टाक, मी सही करतो." वर्षाची उलाढाल बघता त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. तरी मी उतारा ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या गल्ल्यावर ही चिठ्ठी ठेवली:

"काकांना नमस्कार. पाइपवाल्यांच्या खात्यातला फरक सापडला. ११.६५ पैकी २.६५ रुपये राऊंड ऑफचे आहेत, ते त्यातच टाकायचे. उरलेले ९ रुपये चुकीच्या नोंदीचे आहेत. १८ डिसेंबरला आपण त्यांना रोख ८,७४५ रुपये दिले आणि आपल्याकडे ८,७५४ लिहिले गेले. त्यांची पावती सोबत टाचली आहे. दोन नोंदी करते, मग सही करा. कृपया आज करू नका."

चिठ्ठी वाचून काकांनी विचारलं, की यातले नेमके २.६५च राऊंड ऑफचे आणि ९ चुकीचे, हे तुला कळलं कसं? पैशांवर तर काही लिहिलेलं नसतं. हा प्रश्न फार चांगला आहे आणि हिशेब ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला उपयोगी पडेल असं त्याचं उत्तर आहे.

आधी राऊंड ऑफ म्हणजे काय ते बघू. काकांनी घेतलेल्या मालाचं एक लहानसं बिल घ्या. तीन जिन्नस, १३७.५०, २८३.७५ आणि ६४.२० रुपयांचे. बेरीज ४८५.४५. त्यावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. ४८५.४५ चे ९ टक्के ४३.६९०५ होतात, बिलावर छापले जातात ४३.६९. दोन्ही कर मिळवून बिल ५७२.८३ रुपयांचं झालं. पण गल्ल्यात पैसे कुठे आहेत? चाराणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आठाणे कायद्याने चालतात पण व्यवहारात कुणी देत-घेत नाही. म्हणून बिलाच्या शेवटच्या ओळीत १७ पैसे वाढवून ५७३ केले जातात. ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. कराची देय रक्कम पुरी करायला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्येही हाच नियम सांगितला आहे.

याच बिलाचा कर प्रत्येक जिनसावर वेगळा काढून पैशापर्यंत पुरा केला, तर १२.३८, २५.५४ आणि ५.७८ येतात आणि त्यांची बेरीज ४३.७० होते. एक पैसा केंद्राच्या रकान्यात वाढला, एक राज्याच्या. चूक कुणाचीच नाही. एका सॉफ्टवेअरने एकूण रकमेवर कर काढला, दुसऱ्याने ओळीओळीवर. दोन दुकानांच्या संगणकांत एकच बिल दोन पैशांनी वेगळं दिसतं ते यामुळे.

आता काकांच्या दुकानात काय होत होतं? बिलं भरणारा मुलगा मालाची किंमत आणि दोन्ही कर नीट भरत होता, पण शेवटची राऊंड ऑफची ओळ सोडून देत होता. व्यापाऱ्याच्या वहीत बिल ५७३ चं, आमच्या वहीत ५७२.८३ चं. वर्षभरात अशी ४६ बिलं झाली. कुठे १७ पैसे वाढले, कुठे ३२ पैसे कमी झाले. मी सगळी बिलं काढून फक्त शेवटच्या ओळीची बेरीज केली. २५ बिलांत मिळून ६.८५ रुपये वाढवले होते, १८ बिलांत ४.२० कमी केले होते आणि ३ बिलं नेमकी रुपयात होती. वजाबाकी २.६५. म्हणजे हा आकडा अंदाजाने आलेला नाही, तो कागदावर छापलेला होता.

खरं तर ही बेरीज करण्याआधीच मला संशय आला होता. राऊंड ऑफचे पैसे कधी वर जातात, कधी खाली, त्यामुळे ते एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. एका बिलात जास्तीत जास्त ५० पैसे इकडे-तिकडे होतात म्हणून ४६ बिलांत २३ रुपयांचा फरक पडू शकेल, असं वाटतं. तसं व्हायला सगळी बिलं एकाच बाजूला झुकावी लागतील, आणि ती झुकत नाहीत. यासाठी मी एक सोपा हिशेब वापरते. बिलांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि त्याचे साठ टक्के घ्यायचे. ४६ चं वर्गमूळ पावणेसातच्या आसपास, त्याचे साठ टक्के साधारण ४ रुपये. निव्वळ राऊंड ऑफचा फरक शंभरात पंचाण्णव वेळा या ४ रुपयांच्या आतच राहतो. २.६५ यात बसतात. ११.६५ बसत नाहीत. त्यामुळे काका "राऊंड ऑफमध्ये टाक" म्हणाले तेव्हाच आणखी काहीतरी आत आहे हे दिसत होतं.

हा हिशेब एकाच अटीवर चालतो: पैसे दोन्ही बाजूंना पुरे केलेले हवेत. काउंटरवर ५७३ चं बिल करून गिऱ्हाइकाकडून ५७० घेतले, तर ते ३ रुपये राऊंड ऑफ होत नाहीत. ती सूट आहे, जुन्या भाषेत वटाव. ती दर वेळी दुकानाच्याच खिशातून जाते, म्हणून ती साठत जाते. बऱ्याच दुकानांत हे दोन्ही एकाच खात्यात टाकतात आणि वर्षाअखेरीला त्या खात्यात काही हजार का साठले, हे कुणालाच सांगता येत नाही. राऊंड ऑफचं खातं वर्षाच्या शेवटी शून्याच्या आसपास असायला हवं. नसेल तर त्यात दुसरं काहीतरी शिरलेलं आहे.

११.६५ मधून २.६५ गेले आणि ९ रुपये उरले, तेव्हा पुढची वाट सोपी झाली. हिशेबनीस मंडळी फरकाला ९ ने भाग जातो का, हे आधी बघतात. लिहिताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, की पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीतच असतो. ४५ चे ५४ झाले तर ९ चा फरक, ३६ चे ६३ झाले तर २७ चा. दशकातला अंक दहापट मोलाचा आणि एककातला एकपट, म्हणून जागा बदलल्या की दोन अंकांमधल्या अंतराच्या नऊपट फरक पडतो. फरक नेमका ९ असेल तर शेवटचे दोन अंक एकमेकांपेक्षा एकानेच कमी-जास्त असणार: २३, ३४, ४५, ५४, ७८ असे.

हा पुरावा नव्हे. कुठलीही संख्या घेतली तरी नवातली एक ९ ने भागली जातेच. पण शोध कुठून सुरू करायचा ते यातून कळतं. खात्यात ४६ बिलं आणि १९ रकमा दिल्याच्या नोंदी, अशा ६५ ओळी होत्या. शेवटच्या रुपयांत असे शेजारचे अंक असलेल्या फक्त १२ निघाल्या. त्या व्यापाऱ्याच्या उताऱ्याशी ताडल्या आणि सातवीच ओळ सापडली. त्यांच्याकडे जमा ८,७४५, आमच्याकडे दिले ८,७५४.

मग मी त्या दिवसाचा रोजमेळ उघडला. १८ डिसेंबरला रात्री गल्ला मोजला तेव्हा वहीपेक्षा ९ रुपये जास्त निघाले होते आणि मुलाने ते किरकोळ जमा म्हणून टाकून दिवस मिटवला होता. दुसऱ्या बाजूनेही तोच आकडा आला, तेव्हा माझी खात्री पटली. मुलाला मी रागावले नाही. गल्ल्यात जास्त आलेले पैसे त्याने लपवले नाहीत, लिहून ठेवले, आणि त्या लिहिण्यामुळेच चूक पक्की सापडली.

संगणकाने ही चूक का दाखवली नाही, असं काकांनी विचारलं. टॅलीत रक्कम एकदाच भरायची असते. तीच व्यापाऱ्याच्या नावे पडते आणि तीच रोकडीत जमा होते. चुकीचा आकडा दोन्हीकडे सारखाच जातो, म्हणून तेरीज जुळतेच. हाताने खतावणी करायच्या काळात कीर्दीतला आकडा खात्यात उतरवताना चुकला, तर तेरीज बोंब मारायची. आता जुळलेली तेरीज एवढंच सांगते की दोन्ही बाजू सारख्या आहेत. बरोबर आहेत की नाहीत, ते फक्त समोरच्याचा कागद सांगतो.

नऊ रुपयांसाठी मी एवढं का केलं, तर मागे दुसऱ्या एका दुकानात फरक फक्त ७ रुपयांचा होता आणि तो मी न बघता सोडणार होते. निघालं असं: मालकाच्या मुलाने घाईत ६,४८७ रुपयांचा माल उचलला, ६,४८० घरच्या खात्यातून यूपीआयने दिले, आणि बिल आणि रक्कम दोन्ही दुकानाच्या वहीत आलंच नाही. एका चुकीने देणं ६,४८७ ने कमी दिसत होतं, दुसरीने ६,४८० ने जास्त. बाहेर दिसत होते फक्त ७. त्या बिलावर ९८९ रुपये ५४ पैसे जीएसटी होता. बिलाची नोंद नाही म्हणून त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिटही घेतलेलं नव्हतं, आणि वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ते घेतलं नाही तर हातचं जातं. पोर्टलवरच्या GSTR-2B मध्ये ते बिल दिसत होतं, पण महिनोन्महिने कुणी ताडून बघितलं नव्हतं. म्हणून फरक लहान आहे एवढ्यावर मी खातं सोडत नाही. तो कशाचा आहे हे कळलं, की मग सोडते.

काकांच्या खात्यात मी दोन नोंदी केल्या. पहिली, राऊंड ऑफ खाते नावे २.६५, व्यापारी जमा २.६५. दुसरी, किरकोळ जमा खाते नावे ९, व्यापारी जमा ९. रोकडीला हात लावायची गरज नव्हती, कारण ते ९ रुपये डिसेंबरातच गल्ल्यात मोजून घेतले होते. ८४,३१४.३५ मध्ये ११.६५ मिळाले आणि ८४,३२६ पुरे झाले. टॅलीत राऊंड ऑफच्या खात्याला Invoice Rounding हा प्रकार लावून दिला आणि बिल भरताना ती ओळ येते की नाही, हे मुलाला दोन बिलं भरायला लावून बघितलं. काकांनी चष्मा लावून दोन्ही आकडे एकदा स्वतः मिळवले, मग उताऱ्यावर सही केली.