ट्रंकेतली पैठणी

आजी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक कोणी उघडायची, हा प्रश्न घरात दोन-तीन महिने तसाच लोंबकळत राहतो. शेवटी ते काम नातीकडे येतं. ही नात आणि तिचं संगमनेरचं घर गोष्टीपुरतं रचलेलं आहे. बाकीचं, म्हणजे ट्रंक, आतलं लुगडं आणि त्याच्याभोवती होणाऱ्या चुका, अनेक घरांत जसंच्या तसं घडतं.

ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद घातलेला आहे. वर आजीची दोन सुती लुगडी, एक शाल, आजोबांचं उपरणं आणि डांबरगोळ्यांचे झिजून उरलेले कण. सगळ्यांत खाली जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं एक जड गाठोडं. ते सोडलं की गर्द वांगी रंगाचं रेशीम दिसतं आणि घड्यांतून पदराची जर डोकावते. ती पिवळीधमक नाही, जरा काळवंडलेली आहे. मामी म्हणते, "अगं, ही तर पैठणी! उन्हात टाक आधी, केवढा वास मारतोय."

पुढच्या अर्ध्या तासात नात काय करते, यावर त्या वस्त्राचं बरंच काही ठरतं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम त्या घडीपाशी कमकुवत झालेलं असतं. त्याला झटकलं, किंवा ते दोन टोकांना धरून उचललं, तर घडीच्या रेषेवर सरळ चीर जाते. पदर तर जरीमुळे जड असतो, तो स्वतःच्या वजनानेच खालच्या रेशमाला ओढतो. कडक ऊन रंग उडवतं आणि जीर्ण धाग्याला आणखी ठिसूळ करतं. म्हणून ऊन नाही, झटकणं नाही आणि इस्त्री तर अजिबात नाही. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर पसरायची, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवायच्या, आणि खालून दोन्ही तळहातांचा आधार देत एकेक घडी उलगडायची. जिथे रेशीम तडतडतंय असं वाटेल तिथे थांबायचं. वास जाण्यासाठी सावलीत, वारा खेळता असलेल्या खोलीत ते नुसतं पसरून ठेवलेलं पुरतं.

आपली नात हे करते आणि मग पदर उलटा करून बघते. तिला माहीत असो वा नसो, पैठणीची पहिली परीक्षा तिथेच असते.

पैठणीचा काठ आणि पदर हे एका धोट्याने आरपार विणलेले नसतात. नक्षीतल्या प्रत्येक रंगाच्या आडव्या धाग्याला स्वतंत्र छोटी तिल्ली असते. पोपटाचा हिरवा आपल्या जागेपुरताच जातो, तिथे शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. एका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या विणकराच्या हातात फिरत असतात. या पद्धतीमुळे मागे धाग्यांचे पूल लोंबत नाहीत आणि उलटी बाजू जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते. यंत्राच्या मदतीने काढलेल्या नक्षीत धागे मागच्या बाजूने एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धावतात, किंवा तिथे कापलेली टोकं दिसतात. साधं भिंग घेऊन रंगांची सीमा पाहिली तरी फरक कळतो: हातच्या कामात तिथे दोन धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात आणि कडेला बारीक पायऱ्या पडतात. नातीच्या पैठणीत त्या आहेत, म्हणजे विणकाम अस्सल हातचं आहे. पण हातचं काम आजही येवल्यात होतं. एवढ्यावरून वय कळत नाही.

वय हा खरा अवघड भाग, आणि इथे घराघरांत फार सैल बोललं जातं. 'दीडशे वर्षांची आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुरावा कोणता, एवढंच विचारते. नातीकडे तीन धागे आहेत. पहिला घरचा: आजीचा जन्म 1932 चा, लग्न 1950 चं, आणि ही पैठणी तिला सासूने दिली असं आई सांगते. सासूचं लग्न 1920 च्या सुमाराचं. पैठणी तिच्या लग्नातली असेल तर शंभरी ओलांडली. पण सासूने ती मागाहून घेतली असेल तर नाही. दुसरा धागा तळाचा कागद. तो 1951 चा आहे. त्यावरून ट्रंक कधी भरली याचा अंदाज येतो, लुगडं कधी विणलं याचा नाही. तरी तो कागद फेकायचा नाही. वेगळ्या पाकिटात ठेवायचा.

तिसरा धागा वस्त्रातच आहे. जुन्या पैठण्यांत पदराची जमीन बहुधा भरगच्च जरीची असायची आणि तिच्यावर रंगीत रेशमाने असावली, कुयरी, पोपट किंवा बांगडीमोर विणलेले असत. नातीच्या पदरावर असावलीच्या वेली आहेत आणि काठ नारळी आहे. हे जुन्या वळणाला धरून आहे, पण तीच नक्षी आजचे विणकरही काढतात, त्यामुळे पुरावा म्हणून ती एकटी लंगडी पडते. रंग थोडं अधिक सांगतो. विल्यम पर्किन यांनी 1856 मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला आणि नंतरच्या दशकांत असे रंग हळूहळू देशी विणकरांपर्यंत पोचले. वांगी रंग रासायनिक निघाला तर पैठणी त्याआधीची नाही एवढं नक्की म्हणता येतं. उलट, नैसर्गिक रंग निघाला म्हणून ती आधीचीच, असं मात्र ठरत नाही. ही तपासणी प्रयोगशाळेत होते, डोळ्यांनी नाही.

आता जर. गावात जुनी जर घेणारा फिरत आला की पहिला प्रश्न हाच असतो: चांदी आहे का? खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. वजन जवळजवळ सगळं चांदीचं, सोनं नावापुरतं. पुढे तांब्याच्या तारेची आणि त्यानंतर प्लास्टिकच्या चमकत्या पट्टीची जर आली. काळवंडलेली जर पाहून 'खोटी निघाली' म्हणणारे लोक उलटं बोलत असतात: मुलामा झिजला की खालची चांदी काळीच पडते. तांब्याची जर लालसर दिसते आणि ओल लागली की हिरवट होते.

खात्रीसाठी पदराचा धागा ओढून जाळायची घरगुती पद्धत आहे. जाळल्यावर प्लास्टिक आकसून त्याची कडक गोळी होते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटांनी चुरडते आणि धातूची तार मागे उरते. पण चांगल्या पदरातून यासाठी धागा काढणं म्हणजे परीक्षेसाठी वस्तू मोडणं. काठाच्या टोकाला एखादा धागा आधीच सुटून लोंबत असेल तरच तो वापरावा. त्याहून बरं म्हणजे सराफाकडचं कॅरेट मोजण्याचं क्ष-किरण यंत्र. वस्त्राला धक्का न लावता ते चांदी, तांबं आणि सोनं आहे की नाही ते दाखवतं. मात्र त्यावर येणारे टक्के दागिन्यांसारखे शब्दशः घेऊ नयेत, कारण तार कागदाहून पातळ असते आणि आत रेशीम असतं. नातीच्या जरीत चांदी निघते.

इथेच घरातलं खरं नाटक सुरू होतं. मामाला वाटतं, जर घेणाऱ्याला देऊन मोकळं व्हावं. तो माणूस पदर जाळतो, राखेतून चांदी काढतो आणि तिच्या वजनाचे पैसे देतो. किती जुन्या पैठण्या अशा गेल्या याची मोजदाद कुठेच नाही. हाती येतात काही तोळे चांदीचे पैसे, तेही त्याने सांगितलेल्या भावाने. संग्राहक आणि वस्तुसंग्रहालयं पैसे मोजतात ते विणकामाचे, वयाचे आणि स्थितीचे; चांदीचं वजन त्यांच्या हिशेबात नसतंच. मामीचा प्रस्ताव वेगळा आहे: पदर कापून काचेत मढवू, उरलेल्याच्या उशा शिवू. तिथेही किंमत जाते, कारण अखंड नऊवारीचं मोल तुकड्यांची बेरीज करून येत नाही. आणि वाटणीचा प्रश्न असेल तर वस्तू एकाकडे ठेवून बाकीच्यांचा हिशेब पैशात केलेला बरा.

किंमत विचारायची असेल तर आधी फोटो हवेत. पूर्ण लांबी, पदराची दोन्ही बाजू, काठाचा जोड, प्रत्येक चीर आणि डाग, आणि शेजारी ठेवलेली मोजपट्टी. ते घेऊन एकाहून अधिक ठिकाणी विचारावं: पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, येवल्यातले जुने विणकर. संग्रहालयं शक्यतो बाजारभाव सांगत नाहीत, पण वस्तू काय आहे याबद्दल त्यांचं मत उपयोगी पडतं. विकत घ्यायला निघालेल्या माणसाने सांगितलेला पहिला आकडा हा अंदाज नसतो, ती त्याची बोली असते.

कायद्याचं एक कलम मामाला माहीत नसतं. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याने 'मला पाठवा, इथे विकतो' म्हटलं तर उत्तर नाही असंच द्यावं लागतं. देशात विकता येते; असा व्यापार करणाऱ्याकडे मात्र पुरातत्त्व खात्याचा परवाना हवा.

नात शेवटी विकत नाही. पैठणी परत ट्रंकेतही ठेवत नाही, कारण पत्र्याला गंज चढला की तपकिरी डाग रेशमात उतरतात आणि तिथला धागा खातात. धुतलेल्या मांजरपाटात पैठणी गुंडाळून ती लाकडी कपाटात सपाट ठेवते, घड्यांच्या आत मांजरपाटाच्याच मऊ वळकट्या घालते म्हणजे रेशीम टोकदार दुमडत नाही, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदलते. डांबरगोळी कापडाला किंवा जरीला टेकू द्यायची नाही, आणि प्लास्टिकची पिशवी तर नकोच. आत ओल कोंडते. जर उजळवायला चिंच-लिंबू लावलं तर उरलासुरला सोन्याचा मुलामाही जातो, हे ती आईलाही समजावून सांगते.

एक इच्छा मात्र राहतेच. पुढच्या वर्षी तिचं लग्न आहे आणि तिला ही पैठणी नेसायची आहे. उत्तर ऐकायला कोणालाच आवडत नाही: शंभरीच्या आसपासचं रेशीम खांद्यावरची पिन, कासोट्याची ओढ आणि मंडपातला घाम सोसत नाही, पहिल्या तासातच ओच्याजवळ फाटतं. म्हणून ती तेच फोटो घेऊन येवल्याला जाते. विणकर सुलट बाजू झटकन बघून बाजूला ठेवतो आणि पदराच्या मागच्या फोटोत रंगांचे जोड मोजायला लागतो. मग सांगतो की असावलीचा एवढा दाट पदर सात-आठ महिन्यांच्या आत होणार नाही, जर चांदीची हवी की साधी ते आजच ठरवा, आणि पुढच्या खेपेला मोजपट्टी पदरावर आडवी ठेवून काढलेला फोटो आणा.