तीनात एक थाप

पोकर म्हटलं की सिनेमातला तो चेहरा आठवतो: काळा चष्मा, ओठांवर किंचित हसू, आणि समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून मारलेली थाप. मुरलेले खेळाडू मात्र ब्लफकडे अभिनय म्हणून फारसं बघत नाहीत. आपण मोठी बेट लावतो त्यातल्या किती वेळा हातात खरंच काही असतं आणि किती वेळा नसतं, हे प्रमाण त्यांना जपायचं असतं. ते नीट जपलं, तर समोरच्यानं आपला चेहरा कितीही वाचला तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

टेक्सस होल्डेममधला एक डाव घेऊ. यात प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी पानं पडतात. टेबलावर इस्पिक राजा, चौकट नऊ, इस्पिक चार, किलवर दुर्री आणि शेवटी बदाम सात आला आहे. पॉटमध्ये १००० रुपये आहेत. सुरेशच्या हातात दोन लाल एक्के आहेत. समोरचा महेश आतापर्यंत नुसता कॉल करत आला होता, आणि आता तो अचानक १००० रुपयांची बेट लावतो.

महेशकडे काय असू शकतं? समजा, इथवर येऊन तो इतकी मोठी बेट दोनच प्रकारच्या पानांवर लावतो. पहिला प्रकार भक्कम पानांचा. टेबलावर एक नऊ पडल्यामुळे गड्डीत तीनच उरले, म्हणून नवांची जोडी त्याच्याकडे तीन तऱ्हांनी असू शकते. चौक्यांची जोडीही तीन तऱ्हांनी. एकाच रंगाचे राजा-नऊ फक्त बदाम आणि किलवरमध्ये उरले आहेत, म्हणजे आणखी दोन. एकूण आठ, आणि आठही सुरेशच्या एक्क्यांना हरवतात. दुसरा प्रकार फसलेल्या पानांचा: इस्पिकची आणखी दोन पानं घेऊन तो पाचव्या इस्पिकची वाट बघत होता आणि ते आलंच नाही. अशा जोड्या पुष्कळ आहेत. त्यातल्या किती जोड्यांवर त्यानं बेट लावायची?

उत्तर आहे चार. कॉल केला तर सुरेश १००० रुपये घालतो. जिंकला तर आधीचा पॉट आणि महेशची बेट मिळून २००० कमावतो. बारापैकी आठ वेळा त्याचे ८००० गेले, चार वेळा ८००० आले. हिशेब शून्य. पानं फेकली, म्हणजे फोल्ड केलं, तरीही यापुढची कमाई शून्यच. एक्क्यांसारखा देखणा हात धरून बसलेला सुरेश काहीही करो, लांबच्या पल्ल्यात फरक पडत नाही. पोकरची मंडळी याला इनडिफरन्स म्हणतात.

महेशनं लोभापायी चारऐवजी सहा जोड्यांवर थाप मारली, तर सुरेशचे ८००० जातात आणि १२००० येतात. मग त्यानं डोळे मिटून दर वेळी कॉल करावा. उलट महेश भित्रा निघाला आणि दोनच जोड्यांवर थाप मारू लागला, तर सुरेशनं एक्के खुशाल फेकावेत. प्रमाण कुठल्याही बाजूला ढळलं की समोरच्याला एक सोपं, बरोबर उत्तर मिळतं. ते मिळू न देणं एवढंच संतुलित खेळाचं काम.

आता महेशच्या बाजूनं मोजू. सुरेशनं बाराही वेळा पानं फेकली, तर महेशला बारा पॉट मिळाले, म्हणजे १२,०००. सुरेशनं बाराही वेळा कॉल केला, तर आठ वेळा दोन-दोन हजार मिळून १६,००० आले आणि थापांपायी ४००० गेले, पुन्हा १२,०००. महेश थाप कधीच मारत नसता, तर चार दिवसांत त्याची कीर्ती पसरली असती, त्याच्या बेटवर सगळ्यांनी पानं फेकली असती आणि आठ पॉटांवर त्याची बोळवण झाली असती. वरचे चार पॉट ही थापांची कमाई. पकडली गेलेली थाप नुकसानीची वाटते, पण तिच्यामुळेच भक्कम पानांना गिऱ्हाईक मिळतं.

सुरेशलाही स्वतःचं प्रमाण सांभाळावं लागतं. महेश १००० मिळवण्यासाठी १००० धोक्यात घालतो, म्हणून निम्म्याहून जास्त वेळा सुरेश पळाला की कुठलीही रद्दी पानं घेऊन बेट लावणं फायद्याचं होतं. तेव्हा ज्या हातांनी फक्त थापच पकडता येते, अशा हातांसह धरून त्यानं साधारण निम्म्या वेळा कॉल करायलाच हवा. बेटचा आकार बदलला की हे आकडे बदलतात. पॉटच्या निम्मीच बेट असेल, तर समोरच्याला स्वस्तात कॉल मिळतो, आणि थाप चारात एकदाच परवडते.

थापेसाठी पानं कुठली निवडायची, हा प्रश्न जॉन फॉन नॉयमननं सोडवला. ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर १९४४ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यानं पोकरच्या एका सोप्या रूपाचं गणित मांडलं. उत्तर असं निघालं की बेट लावावी ती सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट पानांवर. मधल्या पानांवर गप्प राहावं. मधली पानं नुसती उघडूनही कधीमधी जिंकतात, वाईट पानांना मात्र थापेवाचून दुसरा मार्गच नसतो. म्हणून महेशनं इस्पिक एक्का असलेली फसलेली जोडी सोडावी आणि इस्पिकच्याच राणी-गुलाम, राणी-दहा, गुलाम-दहा, सहा-पाच या चार जोड्या घ्याव्यात. थाप मारायची की नाही हे मग पानंच ठरवतात. मूड, राग, आधीच्या डावातली हार यांना तिथे जागा उरत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

पानं थापही उघडी पाडतात. सुरेशकडे एक्क्यांऐवजी चौकट राजा आणि इस्पिक राणी असती, तर? ती राणी त्याच्याच हातात असल्यामुळे महेशच्या चारपैकी दोन थापा शक्यच नाहीत. आठ भक्कम, दोन पोकळ: फेकावं. आणि बदाम राजा, चौकट राणी असती तर? आता बदामाचे राजा-नऊ महेशकडे असू शकत नाहीत. सात भक्कम, चार पोकळ. ७००० जातात, ८००० येतात: कॉल. दोन्ही वेळा सुरेशकडे राजांची जोडी आणि जोडीला राणी, पण रंग बदलल्यानं निर्णय उलटतो.

हे सगळं शेवटचं पान पडल्यानंतरचं गणित. त्याआधी फसवी पानंही पुढे सुधारू शकतात, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत याहून जास्त थापा चालतात. शिवाय संतुलित खेळ सर्वांत जास्त कमाई करून देतो, असं नाही. दोघांच्या डावात तो एवढीच हमी देतो की लांबच्या पल्ल्यात तुमच्या चालींचा कुणाला गैरफायदा घेता येणार नाही. दिवाळीत तीन पत्तीला बसणारे आपले काका-मामा पॅक करायला सहसा तयार नसतात. ‘बघू तरी काय आहे’ म्हणत शो मागतातच. असा गडी पोकरच्या टेबलावर समोर आला, की तीनात एक वगैरे विसरून थापा पूर्ण बंद कराव्यात आणि चांगली पानं आली की बिनधास्त मोठी बेट लावावी.