आधी १९३०, मग बाकीचं

जुना सोफा विकायला काढला की ‘खरेदीदार’ क्यूआर कोड पाठवतो: स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. या फसवणुकीवरच्या जागृतीच्या व्हिडिओला शीर्षक काय द्यावं? ‘क्यूआरने कसं लुटतात’ हे शीर्षक शिकाऊ ठगालाही बोलावतं. ‘पैसे घेताना पिन मागितला? थांबा’ यात धोक्याची खूण आहे, कृती नाही. यूपीआयमध्ये पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, आणि हे शीर्षकातूनच कळतं.

खालच्या वर्णनाच्या पहिल्या एक-दोन ओळीच मोबाइलवर दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणून तिथे निर्मात्यांची नावं नकोत, १९३० हवा. गेलेली रक्कम भराभर पुढच्या खात्यांत सरकते. या हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर ती वाटेत रोखता येण्याची शक्यता असते. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी ठेवा, हेही तिथेच लिहावं. त्याखाली cybercrime.gov.in.

वर्णनात ठगाचे संवाद किंवा त्याची पायरीवार चाल नको. शोधशब्द घाबरलेल्या माणसाचे घ्यावेत: ‘खात्यातून पैसे गेले काय करू’. वर्णनातला नंबर दर काही महिन्यांनी तपासावा. आणि खाली कुणी प्रतिक्रियेत दुसराच ‘मदत क्रमांक’ टाकला, तर तो तत्काळ काढावा. तो बहुधा ठगाचाच असतो.